कंपनी वाढते, मालकाचा हिस्सा घटतो

लहान मुलांचे कपडे आणि खेळणी विकणाऱ्या पुण्याच्या ‘फर्स्टक्राय’चे शेअर ऑगस्ट 2024 मध्ये बाजारात आले. विक्रीआधीच्या माहितीपत्रकात कोणाकडे किती शेअर आहेत ते छापलेले होते. 2010 साली ही कंपनी उभी करण्यात पुढे असलेले आणि तेव्हाही तिचे प्रमुख असलेले सुपम माहेश्वरी यांचा हिस्सा होता जेमतेम सहा टक्के. जपानच्या सॉफ्टबँकेकडे मात्र सुमारे एक चतुर्थांश कंपनी होती.

माहेश्वरींना कोणी फसवले नव्हते. 465 रुपयांच्या विक्रीभावाने त्या सहा टक्क्यांची किंमत हजार कोटींच्या वर जात होती. बाहेरचे भांडवल घेऊन वाढणाऱ्या बहुतेक कंपन्यांत हेच घडते. ते टप्प्याटप्प्याने कसे घडले, हे ज्या तक्त्यात दिसते त्याला कॅप टेबल म्हणतात. कंपनीत कोणाकडे कोणत्या प्रकारचे किती शेअर आहेत, ते कोणत्या भावाने घेतले आणि एकूण कंपनीत त्यांचा हिस्सा किती टक्के भरतो, एवढे त्यात लिहिलेले असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या दोन बहिणींनी द्राक्षबागायतदारांसाठी एक कंपनी काढली. थोरलीकडे 42,000 शेअर, धाकटीकडे 28,000. तक्त्यात दोनच ओळी, 60 आणि 40 टक्के. वर्षभराने एक गुंतवणूकदार म्हणतो, ‘तुमच्या कंपनीची आजची किंमत चार कोटी धरू, मी एक कोटी घालतो.’ पैसे येण्याआधीच्या या चार कोटींना प्री-मनी म्हणतात आणि पैसे आल्यानंतरच्या पाच कोटींना पोस्ट-मनी. पाचातला एक कोटी गुंतवणूकदाराचा, म्हणून त्याला 20 टक्के.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बहिणींच्या शेअरांना कोणी हात लावत नाही. थोरलीचे 42,000 शेअर तिच्याकडेच राहतात. कंपनी नवे शेअर काढून गुंतवणूकदाराला देते, एकूण आकडा फुगतो आणि त्यामुळे टक्केवारी उतरते. हेच डायल्यूशन. पैसेही बहिणींच्या खात्यात जात नाहीत, कंपनीच्या खात्यात जातात.

पण टर्म शीटमध्ये, म्हणजे सौद्याच्या अटींच्या कागदात, आणखी एक ओळ असते: पुढे नेमायच्या कर्मचाऱ्यांसाठी दहा टक्के शेअर राखून ठेवा, आणि ते पैसे येण्याआधीच्या कंपनीतून काढा. याला ईसॉप पूल म्हणतात. ओळ निरुपद्रवी दिसते, म्हणून तिचा हिशेब करून पाहू. 20 टक्के गुंतवणूकदाराला, 10 टक्के पूलला, उरलेले 70 टक्के बहिणींचे. त्यांचे 70,000 शेअर म्हणजे 70 टक्के, तर एकूण शेअर झाले एक लाख. गुंतवणूकदाराला एक कोटीत 20,000 शेअर मिळाले, म्हणजे एक शेअर 500 रुपयांना. या भावाने बहिणींच्या 70,000 शेअरांची किंमत होते साडेतीन कोटी. बोलणे चार कोटींचे झाले होते. अर्धा कोटी पूलमध्ये गेला आणि तो एकट्या बहिणींच्या वाट्यातून गेला. पूल पैसे आल्यानंतर काढला असता, तर तो भार गुंतवणूकदारानेही उचलला असता. बहिणींकडे 72 टक्के आणि त्याच्याकडे 18 टक्के राहिले असते. वाटाघाटीत सगळे लक्ष चार कोटींच्या आकड्यावर असते, आणि खरी घासाघीस व्हायला हवी ती या ओळीवर. वर्षभरात किती माणसे नेमायची, त्यांना किती शेअर लागतील, याची यादी संस्थापकांकडे तयार असेल तर दहाचे सात टक्के करून घेता येतात.

दोन वर्षांनी दुसरी फेरी आली. नवा गुंतवणूकदार दहा कोटी घालतो, पोस्ट-मनी 50 कोटी, त्याला 20 टक्के. त्यासाठी 25,000 नवे शेअर निघाले, भाव 4,000 रुपये. थोरलीचा हिस्सा 42 वरून 33.6 टक्क्यांवर आला. पण तिच्या शेअरांची किंमत 2 कोटी 10 लाखांवरून 16 कोटी 80 लाखांवर गेली. भाव चढत असेल तोवर टक्केवारी उतरल्याचे दुःख नको, असे संस्थापक म्हणतात ते यामुळेच.

भाव पडला की चित्र बदलते. समजा, तिसऱ्या फेरीत कोणी 2,000 रुपयांच्या वर जायला तयार नाही आणि पाच कोटींसाठी 25,000 शेअर द्यावे लागले. साध्या हिशेबाने थोरली 28 टक्क्यांवर येईल. पण दुसऱ्या फेरीवाल्याने ‘फुल रॅचेट’ची अट घातली असेल, तर त्याचे शेअर जणू 2,000 नेच घेतले होते असे धरले जाते आणि त्याचे 25,000 चे 50,000 होतात. मग थोरलीकडे उरतात 24 टक्के. सरासरी भाव काढणारी सौम्य अट असती तर हाच आकडा साडेसत्तावीसच्या आसपास राहिला असता. अमेरिकेतल्या ‘स्क्वेअर’ या पैशांच्या व्यवहाराच्या कंपनीत 2015 साली असाच प्रकार झाला. शेवटच्या फेरीतल्या गुंतवणूकदारांनी 15.46 डॉलरने शेअर घेतले होते आणि बाजारात येताना किमान 20 टक्के नफ्याची हमी लिहून घेतली होती. शेअर बाजारात आला नऊ डॉलरला. हमी पुरी करायला कंपनीला त्यांना जादा शेअर द्यावे लागले, आणि त्याचा भार बाकीच्या सगळ्या भागधारकांवर पडला.

टक्केवारी खरी असूनही हातात तेवढे पैसे पडतीलच असे नाही. भारतात गुंतवणूकदार बहुधा सीसीपीएस, म्हणजे पुढे साध्या शेअरांत बदलणारे प्राधान्य शेअर घेतात, आणि कंपनी विकली गेल्यास आपली रक्कम आधी उचलण्याचा हक्क करारात लिहून घेतात. समजा, रॅचेट नव्हते, थोरलीकडे 28 टक्के आहेत आणि कंपनी 20 कोटींना विकली गेली. तिला 5 कोटी 60 लाखांची अपेक्षा असेल. पण दुसऱ्या फेरीवाला आधी आपले दहा कोटी उचलतो, तिसरीवाला पाच. उरलेले पाच कोटी बाकीच्या एक लाख शेअरांत वाटले जातात, आणि थोरलीला मिळतात 2 कोटी 10 लाख. म्हणून नुसत्या टक्केवारीचा तक्ता पुरेसा नसतो. प्रत्येक फेरीच्या अटी त्याच्या शेजारी मांडून, अमुक किमतीला विक्री झाली तर कोणाला किती, हेही काढून पाहावे लागते.

कॅप टेबल हा कायद्याने ठरवलेला कागद नाही. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची ती सभासदांची नोंदवही आणि शेअर दिल्यावर कंपनी निबंधकाकडे भरायचा पीएएस-3 हा फॉर्म. तक्ता आणि हे कागद जुळले नाहीत तर पुढच्या फेरीची तपासणी तिथेच अडते. सगळ्यात जास्त घोळ होतो तोंडी शब्दांनी. ‘तुला दोन टक्के देऊ’ असे पहिल्या इंजिनिअरला सांगितलेले असते, पण कधीच्या कंपनीचे दोन टक्के, पहिल्या फेरीआधीचे की नंतरचे, हे कोणी लिहिलेले नसते. म्हणून तक्त्यात ‘फुली डायल्यूटेड’ असा रकाना ठेवतात. अजून न दिलेला पूल, दिलेले ईसॉप, शेअरांत बदलणारी कर्जे, सगळे शेअर झाले असे धरून त्यात टक्केवारी काढलेली असते.

हा रकाना नोकरदारांनीही मागावा. नेमणूकपत्रात ‘10,000 ईसॉप’ असा आकडा असेल, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: फुली डायल्यूटेड एकूण शेअर किती, माझ्या शेअरचा खरेदीभाव किती, आणि विक्री झाल्यास माझ्याआधी किती कोटी उचलले जाणार. कंपनी उत्तर द्यायला तयार नसेल, तर पगाराचा हिशेब करताना त्या ईसॉपची किंमत शून्य धरा.