पन्नासला वाजणारा मीटर

बडोद्यात गॅस मीटर तपासून देणं हा माझा धंदा. गेल्या पावसाळ्याआधी ड्रेनेज सफाईच्या एका ठेकेदाराकडून चार गॅसचा एक मीटर आला. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि H2S, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, असे चारही त्यावर दिसतात. सिलिंडरमधला २५ पीपीएम H2S मी त्याला दिला. पडद्यावर बरोबर २५ आलं, पण मीटर गप्प! सेन्सर उत्तम आणि अलार्म मुका, हे कसं?

सेटिंग उघडलं. पहिला अलार्म साधारणपणे १० वर आणि दुसरा १५ वर असतो. इथे होते ५० आणि १००.

मीटर घेऊन आलेला सुपरवायझर आपलाच मराठी मुलगा. म्हणाला, "काका, दहाला सारखा बोंबलायचा. काम पुढे सरकेना, म्हणून शेठनी वाढवून घेतलं."

त्याला वाटत होतं, वास आला की माणूस वर येईलच. घोळ नेमका इथेच आहे. सडक्या अंड्याचा हा वास अगदी थोड्या गॅसलाही येतो, पण १००च्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास गेला, म्हणजे गॅस गेला, असं खालच्याला वाटतं. ५०० ते ७००च्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराला एक-दोन श्वासांत. त्यात साचलेला गाळ पावड्याने ढवळला की अडकलेला गॅस एकदम सुटतो आणि आकडा क्षणात शेकड्यांत जातो. म्हणजे १० ला वाजलेली शिट्टी शिडी चढायला जो वेळ देते, तोच शेठनी कापला होता. असल्या वेळी वरचा सोबती घाईने खाली उडी घेतो आणि तोही जातो.

मी अलार्म पुन्हा १० आणि १५ वर आणले, सेटिंगला पासवर्ड घातला आणि मुद्दाम त्यांच्या कामावर गेलो. मीटर झाकणापासून लांब, मोकळ्या हवेत सुरू केला. घाणेरड्या हवेत शून्य केला तर तो तीच हवा स्वच्छ धरतो. मग नळी सोडली. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून वर, मध्ये आणि तळाशी असं तीनदा मोजायचं. नळीतून हवा वर यायला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी दोनेक मिनिटं थांबलो. वर ०, मध्ये ४, तळाशी २२. मीटर किंचाळला. जुन्या सेटिंगवर तो गप्प बसला असता आणि दोर बांधून तयार असलेला माणूस उतरला असता.

शेजारची दोन झाकणं उघडली, ब्लोअर लावला. अर्ध्या तासाने तळाशी ३ उरलं. तरी ऑक्सिजन २०.९ दिसत असताना मी त्यांना उतरू दिलं नाही, कारण गाळ अजून ढवळलेला नव्हता. जेटिंगची गाडी मागवली. तुंबलेला गोळा वरूनच फुटला. गाळ हलला तेव्हा नळीवरचा आकडा ६०च्या वर गेला होता.