रस्त्यावर व्हिडिओ शूट करताय? पाहुण्याला विचारलंत, पण मागे बसलेल्या मुलीचं काय?

रात्री साडेअकरा वाजता आमच्या पेजच्या इनबॉक्समध्ये एक मेसेज आला. "ताई, त्या भाड्याच्या रीलमध्ये मागे मी दिसतेय. प्लीज काढा ना. घरी मी लायब्ररीत आहे असं सांगितलं होतं."

त्याच संध्याकाळी आम्ही पुण्यात फर्ग्युसन रोडवर एका चहाच्या टपरीसमोर उभे राहून लोकांना एकच प्रश्न विचारत होतो, 'तुम्ही घरभाडं किती देता?' रील 58 सेकंदांची होती. त्यात जवळपास 9 सेकंद ही मुलगी मागच्या बाकावर मित्रासोबत चहा पिताना स्पष्ट दिसत होती. आम्ही शूट केलं, एडिट केलं, पोस्ट केलं आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. आमचं सगळं लक्ष बोलणाऱ्या माणसावर होतं.

रील लगेच डिलीट केली. पण तोवर तिचा स्क्रीनशॉट तिच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पोहोचला होता.

दुसऱ्या दिवशी त्या बोलणाऱ्या माणसाचाही फोन आला. त्याने कॅमेऱ्यासमोर हसत हसत सोसायटीचं नाव घेतलं होतं आणि 'मालक भाडं रोख घेतात, पावती देत नाहीत' असंही सांगितलं होतं. मालकाने रील पाहिली आणि रूम खाली करायला सांगितली.

या माणसाने तर आम्हाला 'हो' म्हटलं होतं. मग चुकलं कुठे?

सार्वजनिक जागेत शूट करायला बंदी आहे का?

सरसकट बंदी नाही. रस्त्यावर कॅमेरा काढला म्हणून गुन्हा होतो असा कायदा आपल्याकडे नाही. पण 'रस्ता सगळ्यांचा आहे, म्हणजे काहीही दाखवता येतं' हेही खरं नाही.

24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. माणूस सार्वजनिक जागेत आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, असंही त्या निकालात म्हटलं आहे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती कशी असावी हे सांगितलं. ती दबावाशिवाय दिलेली असावी, ठरावीक कारणापुरती असावी, देणाऱ्याला सगळी माहिती असावी आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संमतीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार असं ठरलं. पण चांगली संमती कशी घ्यायची हे समजायला तोवर थांबायची गरज नाही.

मॉल किंवा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी तिथल्या व्यवस्थापनाची परवानगी वेगळी लागते. पण ती परवानगी जागेची असते. तिथे बसलेल्या माणसांच्या वतीने व्यवस्थापन 'हो' म्हणू शकत नाही.

पाहुण्याला नेमकं काय विचारायचं?

आमची चूक अशी होती की आम्ही फक्त 'दोन मिनिटं बोलाल का?' एवढंच विचारलं होतं. त्या माणसाने बोलायला होकार दिला होता. व्हिडिओ कुठे जाणार, नाव येणार का, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं.

आता आम्ही दोनदा विचारतो. पहिल्यांदा कॅमेरा सुरू करण्याआधी: "मी घरभाड्यावर व्हिडिओ करतेय. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर टाकणार आहे. नको असेल तर नाही म्हणा, काही प्रॉब्लेम नाही." हो म्हटल्यावर रेकॉर्डिंग सुरू करून तेच थोडक्यात पुन्हा विचारतो, म्हणजे उत्तर रेकॉर्ड होतं. 'चेहरा दाखवू का? नाव वापरू का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, कारण बरेच जण एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणतात. या सगळ्याला वीसेक सेकंद लागतात.

दुसऱ्यांदा बोलणं संपल्यावर: "आत्ता जे बोललात त्यातलं काही काढायचं आहे का?" खरं काम हा प्रश्न करतो. आपण काय बोलणार हे सुरुवातीला कोणालाच माहीत नसतं. मालकाचा विषय बोलण्याच्या ओघात निघाला होता. शेवटी विचारलं असतं, तर तो माणूस 'ते सोसायटीचं नाव काढा' नक्की म्हणाला असता. आता आम्ही पेजचं नाव देतो आणि व्हिडिओ दुसऱ्या दिवशीच टाकतो. रात्री विचार बदलला तर सकाळपर्यंत सांगता येतं.

हीच क्लिप पुढे जाहिरातीत वापरायची असेल, तर पुन्हा विचारावं लागतं. पहिला होकार त्यासाठी नव्हता.

कॉलेजच्या गेटवर शूट करताना आधी वय विचारा. अकरावी-बारावीची मुलं बहुतेक 16-17 वर्षांची असतात. 18 च्या आत असतील तर पालकांचा होकार हवा. तो तिथे मिळत नसेल तर दुसरा पाहुणा शोधा.

आणि मागच्या लोकांचं काय?

प्रत्येक जाणाऱ्याला विचारणं शक्य नसतं. म्हणून त्यांना फ्रेममध्ये येऊच न देणं सगळ्यात सोपं. पाहुण्याला भिंतीला किंवा बंद शटरला पाठ करून, अगदी जवळ उभं करा. मागे जागाच नसेल तर मागून कोणी जाणारही नाही. टपरी, बस स्टॉप, बागेतले बाक मागे घेऊ नका, कारण तिथे लोक थांबतात. चालत जाणारा माणूस सेकंदभर दिसतो. बसलेला माणूस मात्र ओळखू येईल इतका वेळ दिसत राहतो.

एडिट झाल्यावर एकदा फक्त मागची माणसं बघायला व्हिडिओ लावा. आवाज बंद, ब्राइटनेस पूर्ण, आणि दर काही सेकंदांनी पॉज. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: याच्या ओळखीचा माणूस याला ओळखेल का? ओळख फक्त चेहऱ्याने पटत नाही. कॉलेजचं आयकार्ड, गाडीची नंबर प्लेट, आवाज यानेही पटते. ब्लर केला असेल तर माणूस मान वळवतो तिथे थांबून बघा, कारण नेमका तिथेच ब्लर चेहऱ्यावरून सरकतो. कव्हरचा फोटोही तपासा.

व्हिडिओ आधीच टाकला असेल तर?

यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओत यूट्यूब स्टुडिओमध्ये जाऊन `Editor` मधल्या `Blur` ने चेहरा झाकता येतो. लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या रीलचा व्हिडिओ बदलता येत नाही. ती डिलीट करून पुन्हा टाकावी लागते.

तुम्हीच कोणाच्या व्हिडिओत दिसत असाल, तर आधी त्या पेजला मेसेज करा आणि कितव्या सेकंदाला दिसता ते लिहा. उत्तर नाही आलं तर यूट्यूबवर खासगीपणाची तक्रार करता येते. त्यानंतर अपलोड करणाऱ्याला बदल करण्यासाठी साधारण 48 तास मिळू शकतात.

पण 48 तास म्हणजे बराच वेळ झाला. आमची रील तर पाच तासही नव्हती. त्या मुलीने पुन्हा मेसेज केला नाही. मी दोनदा विचारलं, 'सगळं ठीक आहे ना?' दोन्ही मेसेज तिने पाहिले आहेत, एवढंच दिसतं.