सरासरीचा महिना आणि समारंभाचा दिवस

छत्रपती संभाजीनगर येथे वेरूळ-अजिंठा महोत्सव सोनेरी महालाच्या उघड्या प्रांगणात भरतो. २०२३ साली तो फेब्रुवारीच्या अखेरीस झाला व २०२४ साली त्याच महिन्याच्या आरंभी. त्याच शहरात उघड्या मैदानावर होणारी लग्ने मात्र तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात, सुरू होतात आणि वैशाखाच्या उन्हातही होतच राहतात. दोन्ही प्रसंगी तिथी ठरविणारा गृहस्थ हल्ली पर्जन्याच्या आणि तापमानाच्या मासिक सरासऱ्या पाहतो. त्या कोष्टकातून नेमके काय वाचता येते व काय येत नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'सरासरी' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तेथे त्याचा मूळ भाव 'या टोकापासून त्या टोकापर्यंत' असा असून 'ढोबळ, वरवरचा' ही छटाही त्याला आहे. गणितात शिरल्यावर शब्दाची ही दुसरी छटा आपण विसरलो. हवामानाच्या कोष्टकापुढे बसताना ती आठवणे बरे.

येथील जुन्या तीस वर्षांच्या सरासऱ्या पाहता वर्षाचा पाऊस सुमारे सव्वासातशे मिलिमीटर भरतो व त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑक्टोबराच्या वाट्याला सुमारे पन्नास, नोव्हेंबराच्या वाट्याला वीस ते तीस, तर फेब्रुवारीच्या वाट्याला जेमतेम तीन मिलिमीटर येतात. मे महिन्यात पुन्हा सुमारे पंचवीस होतात. यावरून कोणीही म्हणेल की, नोव्हेंबर व मे सारख्याच जोखमीचे, आणि फेब्रुवारी निर्धास्त. हा निष्कर्ष अगदीच चुकीचा नाही. परंतु ज्या कारणाने तो काढला जातो ते कारण मात्र चुकीचे आहे.

नोव्हेंबराचेच उदाहरण घेऊ. समजा, दहा वर्षांपैकी सहा वर्षे नोव्हेंबर संपूर्ण कोरडा गेला, दोन वर्षी वीस-वीस मिलिमीटर पाऊस झाला, एका वर्षी नव्वद आणि एका वर्षी एकशे साठ. बेरीज दोनशे नव्वद, म्हणून सरासरी एकोणतीस. परंतु एकोणतीस मिलिमीटर पाऊस या दहांपैकी एकाही वर्षी पडलेला नाही. मध्यक काढला तर तो शून्य येतो. मंडप घालणाऱ्यास एकोणतीस या आकड्याचा काडीइतका उपयोग नाही. त्याला हवे आहे ते असे की, त्याच्या दिवशी पाऊस येण्याचा संभव किती. त्यासाठी मिलिमीटर सोडून दिवस मोजावे लागतात. आपल्या हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे अडीच मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला, तर तो दिवस 'पावसाचा दिवस' होय. ध्वनिवर्धक व दिवे उघड्यावर मांडणाराने ही मर्यादा एका मिलिमीटरवर आणावी. ती सोयीप्रमाणे ठरवावयाची गोष्ट आहे.

दुसरी अडचण 'महिना' या शब्दातच आहे. सरासरीचा महिना इंग्रजी पंचांगाचा, तर मुहूर्ताचा महिना चांद्र. तुळशीविवाहाचा आरंभ २०२३ साली २४ नोव्हेंबरास, २०२४ साली १३ नोव्हेंबरास, आणि २०२५ साली २ नोव्हेंबरास झाला. नंतर अधिक मास आला की तो पुन्हा पुढे सरकतो. कार्तिकातली तीच तिथी, परंतु तिच्या पाठीमागचे हवामान तीन आठवड्यांनी वेगळे. नैर्ऋत्य मोसमी वारे या भागातून साधारणपणे ऑक्टोबराच्या मध्याच्या सुमारास परततात. त्यामुळे ऑक्टोबराचा पूर्वार्ध व उत्तरार्ध हे जणू दोन निराळे महिने होत, आणि पन्नास मिलिमीटरचा आकडा त्या दोहोंस एकाच नावाखाली कोंबतो.

म्हणून करावयाचे ते असे. योजिलेल्या दिवसाच्या मागचे सात व पुढचे सात, असे पंधरा दिवस घ्यावेत आणि तीस वर्षांच्या दैनिक नोंदींतून तेवढेच दिवस पाहावेत. एकूण साडेचारशे दिवस होतात. समजा, त्यांत पावसाचे दिवस अठरा निघाले, तर एका दिवसाचा संभव शेकडा चार झाला. तीन दिवसांच्या महोत्सवास एक तरी ओला दिवस येण्याचा संभव, दिवस परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास, शेकडा साडेअकराच्या आसपास येतो. पण पावसाचे दिवस स्वतंत्र नसतात. ते जोडीने येतात. त्यामुळे खरा आकडा चार व साडेअकरा यांच्या मधे कोठे तरी असतो. तो हवाच असेल तर तीन-तीन दिवसांचे गट करून थेट मोजावेत. मात्र जोडीने येण्याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवावा: पाऊस आलाच, तर तो एक रात्र भिजवून निघून जाईल अशी आशा धरू नये.

नोंद वाचताना एक चूक हमखास होते. पर्जन्यमापकातील पाणी सकाळी साडेआठ वाजता मोजले जाते, आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेस लिहिला जातो. सव्वीस तारखेच्या संध्याकाळची सर त्यामुळे सत्तावीस तारखेखाली सापडते. पंचांगातला दिवसही सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच असतो, ही गंमत आहे. पण तो ज्या दिवशी सुरू होतो त्याच्या नावाने ओळखला जातो, मापकाचा दिवस मात्र ज्या दिवशी संपतो त्याच्या नावाने.

तापमानाच्या बाबतीत प्रश्न महिन्याचा नसून तासाचा आहे. मे महिन्यात कमाल तापमानाची सरासरी चाळीस अंशांच्या आसपास जाते. पण ती दुपारी तीनच्या सुमाराची गोष्ट. गोरज मुहूर्तावर उभे राहणाऱ्यास ती लागू नाही. फेब्रुवारीत कमाल सुमारे बत्तीस व किमान पंधराच्या आसपास असते. या दोहोंची सरासरी साडेतेवीस, आणि ऐकावयास फार सुखद. परंतु कोरड्या हवेमुळे सूर्यास्तानंतर पारा झपाट्याने उतरतो आणि रात्री अकराला संपणाऱ्या मैफलीस श्रोते शाल घेऊनच येतात.

मे आणि नोव्हेंबर यांचे आकडे जवळजवळ सारखे असले, तरी दोन्ही पाऊस एका जातीचे नव्हेत, हेही कोष्टक सांगत नाही. मे महिन्याचा वळीव तापल्या दुपारनंतर, बहुधा संध्याकाळी, येतो आणि त्याच्याबरोबर वावटळ येते. मंडप पडतो तो वाऱ्याने. पाणी दहा मिलिमीटरच असेल. सकाळच्या मुहूर्ताचे लग्न यातून बहुधा सुटते, संध्याकाळचे सुटत नाही. म्हणजे ज्या गोरज मुहूर्ताने उन्हापासून वाचविले, तोच वळवाच्या तोंडी देतो. नोव्हेंबरातला पाऊस वेगळा. बंगालच्या उपसागरातील वा अरबी समुद्रातील प्रणालीमुळे तो येतो, आणि ढगाळ हवा एकदोन दिवस टिकते.

आता मोजणीची मर्यादा. वरील रीतीने पाहता २४ नोव्हेंबरानंतरचा मुहूर्त २ नोव्हेंबरानंतरच्या मुहूर्तापेक्षा कोरडा ठरावा. तथापि २०२३ साली तुळशीविवाह सुरू होऊन दोनच दिवस झाले असता, २६ व २७ नोव्हेंबर रोजी, मराठवाड्यात अवकाळी पावसाने झोडपले. फेब्रुवारीचेही तसेच. तीन मिलिमीटरच्या त्या निर्धास्त महिन्याच्या शेवटी, २०१४ साली, गारपीट सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा-विदर्भातील उभी पिके तिने आडवी केली. या घटनांनी मोजणी खोटी ठरत नाही. शेकडा चार म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा, आणि ते एकदा कधी हे तीस वर्षांच्या नोंदीस ठाऊक नसते. ते काम चार-पाच दिवसांच्या अंदाजाचे. पण तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात.

व्यवहारात म्हणून माझे मत असे की, तारीख मोजणीवरून ठरवावी, आणि नोव्हेंबर असो वा फेब्रुवारी, जवळचे एखादे छप्पर त्याच दिवसासाठी राखून ठेवावे. संध्याकाळच्या मे महिन्यास मात्र छपराचाही भरवसा धरू नये. तेथे मुहूर्तच सकाळचा मागून घ्यावा.