टाकीचा धडा

आईने सांगलीहून फोटो पाठवला, २३ मार्चला सकाळी. गॅसच्या टाकीच्या वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्टीचा. लाल रंगाचे थर, त्यावर आणखी लाल रंग, आणि मध्ये ठोकलेले आकडे. खाली तिने लिहिलं होतं, "अगं, हे बघून सांग, किती दिवस पुरेल?"

पुरेल किती, हे एकट्या त्या पट्टीवरून कळत नाही. पण त्या पट्टीशिवायही कळत नाही. वाण्याच्या दुकानात तेलाची बरणी नेली की तो आधी रिकाम्या बरणीचा धडा करायचा, मग तेल ओतायचा. पट्टीवर ठोकलेला आकडा हा टाकीचा धडा आहे. लोखंडाचं वजन टाकीच्याच अंगावर कोरलेलं असतं, कारण प्रत्येक टाकीचं वजन वेगळं. घरगुती टाकी साधारण १५ ते साडेसोळा किलोंची, आणि तिच्यात नवी भरलेली असताना १४.२ किलो गॅस.

त्याच पट्ट्यांवर आणखी एक खूण असते आणि फोटोत ती नेहमी घोटाळा करते. आईच्या फोटोत शेजारच्या पट्टीवर C-27 असं रंगवलेलं होतं. ते वजन नाही. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. A म्हणजे जानेवारी ते मार्च, B म्हणजे एप्रिल ते जून, C म्हणजे जुलै ते सप्टेंबर, D म्हणजे उरलेले तीन महिने, आणि मागचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेली टाकी दारात आली तर ती घेऊ नये.

धडा मात्र मला नीट दिसेना. १५.३ की १५.८? ठोकलेल्या आकड्यात रंग साचतो, आठाच्या डाव्या बाजूच्या खोबणी बुजतात, आणि आठाचा तीन होतो. समोरून फ्लॅश टाकला की सगळं एकसारखं चमकतं आणि खोबणी दिसेनाशीच होते. आईला सांगितलं, फ्लॅश बंद कर, बॅटरी पट्टीच्या कडेला आडवी धर, म्हणजे खोबणीत सावली पडेल. दुसऱ्या फोटोत सावली पडली आणि आठाची डावी बाजू वर आली. तरी सावलीवर विसंबायचं नाही, म्हणून ताळा घेतला. २ मार्चला टाकी आली तेव्हा शेजारच्या दोघा मुलांनी ती झोपाळ्याच्या कडीला, प्रवासाच्या बॅगा तोलायच्या टांगत्या काट्यावर लावली होती. काटा ३०.० म्हणाला होता. त्यातून १४.२ वजा केले की १५.८ उरतात. भरताना १५० ग्रॅम इकडेतिकडे चालतात, पण अर्धा किलो नाही. म्हणजे आकडा १५.८ च.

मुळात वजनच का करायचं, ज्योत बघून का नाही कळत? मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं. टाकीत प्रोपेन आणि ब्यूटेन द्रवरूपात असतात, त्यांच्या वर थोडी वाफ. शेगडीला जाते ती फक्त वाफ. ती गेली की द्रव लगेच थोडा उकळतो आणि जागा भरून काढतो. वाफेचा दाब किती, हे तापमान ठरवतं. खाली द्रव किती उरलाय, याचा त्याच्याशी जवळजवळ संबंध नसतो. टाकीत दहा किलो असो नाहीतर एक किलो, त्याच उकाड्यात आतला दाब जवळपास तेवढाच राहतो, आणि रेग्युलेटर तो उतरवून शेगडीला नेहमीइतकाच देतो. म्हणून ज्योत शेवटपर्यंत निळी, ठाम राहते. द्रवाचा शेवटचा थेंब उडाला की मात्र आत फक्त वाफ उरते, दाब उतरू लागतो आणि वरण शिजता शिजता ज्योत बसते. टाकीवर दाबमापक बसवला तरी तो महिनाभर तोच आकडा दाखवत राहील. उरलेला गॅस तोलावाच लागतो.

ओल्या फडक्याची युक्तीही खरी आहे. टाकीवर उभा ओला पट्टा पुसला की वरचा भाग आधी वाळतो आणि द्रव असलेला खालचा भाग ओला राहतो, कारण द्रव उष्णता शोषून घेतो आणि तिथला पत्रा थंड ठेवतो. पाणी जिथे रेंगाळतं तिथे द्रवाची पातळी. पण त्यातून अर्धी की पाव एवढंच कळतं, दिवस नाही.

२३ तारखेला मुलांनी टाकी पुन्हा कडीला लावली. शेगडी आणि रेग्युलेटर बंद, रेग्युलेटर काढलेला, तोंडावर झाकण. नळी जोडलेली ठेवली तर ती काट्याला ओढते. काटा तोच, हे महत्त्वाचं. त्याची चूक असली तरी दोन्ही वेळा सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. आकडा २५.२. एकवीस दिवसांत ४.८ किलो, म्हणजे रोज सुमारे २३० ग्रॅम. दोघांच्या घराला हे पटण्यासारखं. एक लिटर पाणी उकळायला, ज्योतीची बरीच उष्णता भांड्याबाहेर जाते हे धरूनही, अकराएक ग्रॅम गॅस लागतो. आंघोळीची वीस लिटरची बादली गॅसवर तापवली तर सत्तर ग्रॅमच्या आसपास. आई पाणी बंबावर तापवते. तेही गॅसवर असतं तर दोन बादल्यांनी रोजचा खर्च निम्म्याहून जास्त वाढला असता.

दोन तोलण्यांमध्ये एवढे दिवस हवेत ते काट्यासाठी. काटा शंभर ग्रॅमच्या पायरीने बोलतो. दोन दिवसांत जळतो अर्धा किलोही नाही, त्यात दोन्ही बाजूंची शंभर ग्रॅमची शंका घातली तर रोजचा आकडा कुठेही भरकटतो. ४.८ किलोंत ती शंका नगण्य होते.

आता २५.२ मधून १५.८ काढले. उरले ९.४. द्रव संपल्यावरही टाकीभर वाफ राहते, दाब बाहेरच्या हवेइतका होईपर्यंत जेवढी जळते तेवढी जळते, आणि शेवटचे शंभरएक ग्रॅम आत अडकून राहतात. ते सोडले तर ९.३. रोजच्या २३० ग्रॅमने भागलं तर चाळीस दिवस, २ मेपर्यंत. आठाचा तीन वाचला असता तर दोन दिवस जादा धरले असते.

आईला कळवलं. तिने लगेच फोन केला.

"चीक शिजवायचाय कुरडयांचा, एप्रिलात. ते धरलंस का?"

नव्हतं धरलं. मोठा बर्नर पूर्ण ठेवला तर तासाला साधारण दीडशे ग्रॅम जाळतो. चीक आटवायला दोन दिवस मिळून तीन तास, तेही सतत ढवळत, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. आधण आणि भांडी धुवायचं गरम पाणी धरून अर्धा किलो. दोन दिवस कमी केले, ३० एप्रिल आला.

"मग वीसला बुक करते," आई म्हणाली. "आणि अकरा एप्रिलला परत तोलून घेते, पोरं रविवारी घरी असतात. बॅटरी कुठे ठेवली ते आठवेना बघ."