फ्लॉपी गेली, कंट्रोलर राहिला

नव्या संगणकांवरून फ्लॉपीची खाच नाहीशी होऊन बरीच वर्षे लोटली होती, तेव्हा म्हणजे मे २०१५ मध्ये फ्लॉपी पुन्हा बातम्यांत आली. १३ मे रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे संशोधक जेसन गेफनर यांनी एक चूक जाहीर केली. व्हर्च्युअल मशीनमध्ये असलेल्या नकली फ्लॉपी कंट्रोलरमधून आतला प्रोग्राम थेट बाहेरच्या खऱ्या संगणकापर्यंत पोहोचू शकत होता. या चुकीचे नाव पडले ‘व्हेनम’. ती २००४ पासून कोडमध्ये पडून होती.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. बाहेरच्याला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. एखाद्या दुकानाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालते, म्हणून नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात एक्सपी बसवायचे, हा त्याचा अगदी नेहमीचा उपयोग. गेस्टला वाटते की आपल्याला साउंड कार्ड आहे, यूएसबी आहे, नेटवर्क कार्ड आहे. प्रत्यक्षात यातला प्रत्येक भाग म्हणजे होस्टवर चालणारा प्रोग्रामचा एक तुकडा असतो. गेस्टने पाठवलेले बाइट तो वाचतो आणि खऱ्या यंत्रासारखे उत्तर देतो. म्हणजे उपकरण खोटे असले, तरी त्यातली चूक खरी असते आणि ती होस्टच्या स्मृतीत घडते.

व्हेनममध्ये नेमके काय घडत होते, ते पाहण्यासारखे आहे. फ्लॉपी कंट्रोलर गेस्टकडून आधी आज्ञा घेतो, मग तिच्यासोबतची माहिती, आणि हे सगळे ५१२ बाइटच्या एका जागेत साठवतो. पुढचा बाइट कुठे ठेवायचा हे सांगणारा एक आकडा सोबत असतो. आज्ञा पुरी झाली की तो आकडा पुन्हा शून्यावर आणायचा, असा नियम. बहुतेक सगळ्या आज्ञांच्या बाबतीत तो लगेच पाळला जाई. दोन आज्ञांच्या बाबतीत पाळला जात नव्हता. त्यांपैकी एक आज्ञा देऊन गेस्ट बाइट पाठवतच राहिला, तर आकडा ५१२ च्या पुढे सरके आणि शेजारची स्मृती खोडून तिथे गेस्टने पाठवलेले बाइट बसत. लिनक्स गेस्टमध्ये यासाठी रूटचे अधिकार लागत. पण सर्व्हर भाड्याने घेणाऱ्याकडे स्वतःच्या मशीनचे रूट असतेच.

चूक क्यूईएमयू या प्रोग्राममध्ये होती. तोच कोड झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्सनेही घेतलेला असल्यामुळे तेही सापडले. व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही सुटले. खरी मेख पुढे आहे. काही जाणत्या प्रशासकांनी फ्लॉपी ड्राइव्ह आधीच बंद करून ठेवला होता. झेन आणि क्यूईएमयूमध्ये दुसऱ्याच एका चुकीमुळे ड्राइव्ह बंद केला तरी कंट्रोलरचा कोड चालूच राहत होता. त्यामुळे त्यांनाही पॅच लावल्यावाचून गत्यंतर नव्हते.

म्हणून उपकरणे काढून टाकणे फोल ठरते असे नाही. मार्च २०२४ मध्ये व्हीएमवेअरच्या यूएसबी कंट्रोलरमध्ये गंभीर चुका सापडल्या, तेव्हा पॅच लावेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून कंपनीनेच मशीनमधले यूएसबी कंट्रोलर काढायला सांगितले. ज्यांनी ते आधीच काढले होते, त्यांना त्या दिवशी धावपळ करावी लागली नाही.

हिशेबाच्या त्या एक्सपीचेच बघा. त्याला आवाज लागत नाही, फ्लॉपी लागत नाही, आणि सॉफ्टवेअर एकट्याने चालणारे असेल तर नेटवर्कही लागत नाही. मशीन पूर्ण बंद करून सेटिंग्जमध्ये ऑडिओ आणि नेटवर्क अडॅप्टरसमोरची खूण काढायची, स्टोरेजमध्ये फ्लॉपी कंट्रोलर दिसला तर तोही काढायचा. नेटवर्क कार्ड काढणे ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्गेई झेलेन्युक यांनी, ओरॅकलला आधी न कळवता, व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या इंटेल नेटवर्क कार्डातून नॅट पद्धतीत बाहेर पडण्याची वाट जगजाहीर केली होती. ५.२.२२ या आवृत्तीत ती बुजवली गेली.

यूएसबी काढताना मात्र एक अडचण येते. मशीनचा माउस ‘यूएसबी टॅबलेट’ या प्रकारावर ठेवलेला असेल, तर कंट्रोलर बंद करता येत नाही. आधी सिस्टीमच्या पानावर जाऊन पॉइंटिंग डिव्हाइस ‘पीएस/२ माउस’ करावा लागतो, मग यूएसबी बंद होते. त्यानंतर पेनड्राइव्ह आत दिसणार नाही. मालकाला ते चालणार आहे का, हे आधी विचारलेले बरे.

क्लिपबोर्डचे प्रकरण वेगळे आहे, कारण तो बंद करायला कोणी राजी नसते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो मुळात बंदच असतो. पण आकडे एक्सेलमध्ये चिकटवायचे म्हणून बहुतेक जण पहिल्याच दिवशी तो दोन्ही बाजूंनी खुला करतात. मग होस्टवर कॉपी केलेला बँकेचा पासवर्ड गेस्टमधला एखादा प्रोग्रामही वाचू शकतो, आणि कोणाला पत्ता लागत नाही. २०१९ मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी याची उलटी बाजू दाखवली. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पलीकडून कॉपी केलेली फाइल इकडे चिकटवली, की पलीकडचे बिघडवलेले मशीन फाइलच्या नावातच वरच्या फोल्डरांचा मार्ग घुसडू शके. फाइल मग आपण निवडलेल्या जागेऐवजी स्टार्टअप फोल्डरमध्ये पडे आणि पुढच्या वेळी लॉगिन करताच चालू होई. मायक्रोसॉफ्टने आधी हे दुरुस्त करण्याइतके महत्त्वाचे मानले नव्हते. हायपर-व्हीचे एन्हान्स्ड सेशनही याच व्यवस्थेवर चालते, म्हणजे गेस्टकडून होस्टवर हल्ला होऊ शकतो, हे दाखवल्यावर जुलै २०१९ मध्ये पॅच आला. तोही अपुरा निघाला. उलट्या तिरक्या रेघेऐवजी सुलटी रेघ वापरली की तो चकत असे, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

हिशेबाच्या मशीनला आकडे फक्त बाहेर द्यायचे आहेत, तेव्हा वाट एकेरी ठेवता येते. व्हर्च्युअलबॉक्स ७ मध्ये मशीनचे नाव `hisheb` असेल, तर आज्ञा अशी:

```
VBoxManage modifyvm "hisheb" --clipboard-mode=guesttohost
VBoxManage modifyvm "hisheb" --drag-and-drop=disabled
```

यामुळे होस्टवरचे पासवर्ड आत जाणे थांबते. गेस्टकडून येणाऱ्या मजकुराचा धोका मात्र उरतोच. संशयास्पद फाइली उघडून पाहायच्या मशीनवर `guesttohost` च्या जागी `disabled` हाच पर्याय घ्यावा.

राहिला होस्ट. एक्सपीला आता अपडेट मिळत नाहीत, त्यामुळे सगळी मदार होस्टवरच्या विंडोजवर आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या आवृत्तीवर येते. सर्व्हरवर मात्र पॅच लावूनही फसगत होते. व्हेनमच्या वेळी लिनक्सवर नवे क्यूईएमयू बसवले, तरी आधीपासून चालू असलेली मशीन जुन्याच कोडवर चालत राहिली. गेस्टच्या आतून रीस्टार्ट केल्यानेही फरक पडत नाही, कारण होस्टवरची प्रक्रिया तीच राहते. हे ओळखायला त्या प्रक्रियेचा क्रमांक घ्यायचा, समजा ४१२७, आणि विचारायचे:

```
ls -l /proc/4127/exe
```

उत्तरात फाइलच्या नावापुढे `(deleted)` दिसले, तर बदलून टाकलेली जुनी फाइलच अजून स्मृतीत चालू आहे. अशा वेळी गेस्ट पूर्ण बंद करून होस्टवरून पुन्हा चालू करावे लागते. बंद ठेवणे परवडत नसेल, तर ते चालू स्थितीतच पॅच लावलेल्या दुसऱ्या होस्टवर हलवतात. तिथे त्याला नवी प्रक्रिया मिळते.