साखर न घातलेला कप

दोन वयस्कर शेजाऱ्यांची प्रेमकथा लिहायची तर ‘प्रेम’ हा शब्द शेवटपर्यंत टाळावा आणि ते काम चहावर सोपवावं. समजा, गिरगावातली चाळ आहे, सामाईक गॅलरी आहे, संध्याकाळचे पाच वाजलेत. वहिनींचं दूध नासतं, नाना आपली पिशवी देतात. मग चहाला बोलावणं आलंच. महिनाभराने वहिनी न विचारता त्यांच्या कपात साखर घालत नाहीत, आलं मात्र जरा जास्त किसतात. मधुमेहाबद्दल नाना कधी बोललेले नसतात. दिवाळीत त्यांनी लाडू परत केला होता, एवढंच. पुढे एके दिवशी नाना येत नाहीत आणि दोनदा गरम केलेला चहा कडू होतो. वाचकाला इथेच सगळं कळतं.

मुलांचा विरोध हा अडथळा आता शिळा झाला. (मालिकांनी तो पार संपवलाय.) त्यापेक्षा पेन्शन पाहा. दिवंगत नवऱ्याच्या कर्मचारी निवृत्तिवेतन निधीतून, १९९५ च्या योजनेनुसार मिळणारं विधवा निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतर बंद होतं. त्यामुळे कथेत लग्न लावण्याआधी लेखकाने वहिनींचं पासबुक जरूर उघडावं.