स्टेंटनंतरच्या चिठ्ठीतली तारीख

स्टेंट बसवल्यावर हृदयरोगतज्ज्ञ फॅमिली डॉक्टरांना जे डिस्चार्जपत्र देतात, त्यात सर्वांत मोलाची असते ती एक तारीख. समजा, हार्ट अटॅकनंतर ५८ वर्षांच्या रुग्णाला औषधलेपित स्टेंट बसला. पत्रात अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम रोज एकदा, कायमची. आणि टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण १२ महिने. ही दुसरी गोळी कोणत्या दिवशी थांबवायची, ते स्पष्ट लिहिलेले हवे. स्टेंटच्या जाळीवर आतले अस्तर चढेपर्यंत तिथे रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. दात काढायचा म्हणून कुणी परस्पर गोळ्या बंद केल्या, तर पुन्हा अटॅक येऊ शकतो.

टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागते. ती हृदयाची की गोळीची, हे फॅमिली डॉक्टरांनी तपासून तज्ज्ञांना कळवायचे. गरज वाटल्यास तज्ज्ञ गोळी बदलून देतात.

सोबत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन असते. एलडीएल ५५ च्या खाली आणायचे, हे लक्ष्य. चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासतात; आकडा उतरला नाही, तर एझेटिमाइब जोडतात. आकडा उतरला, तरी स्टॅटिन चालूच राहते.